नव्या मेंबर्ससमोर पहिल्या दिवशी काय बोलावं?

प्रश्न: मागच्या वर्षी नागपुरात मानेवाडा रोडला जिम टाकली. जानेवारीत पन्नास-साठ नवीन मेंबर येतात, होळीपर्यंत त्यातले दहा-पंधरा उरतात. यंदा सगळ्यांना एकत्र बसवून वेलकम स्पीच द्यायचा विचार आहे, की झटपट रिझल्टच्या मागे लागू नका, सातत्य ठेवा. पण असं नुसतं सांगून लोक ऐकतात का? नेमकं काय बोलू?

उत्तर:

सातत्य ठेवायला हवं हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पटलेलंच असतं. ते पुन्हा सांगितलंत तर माना डोलतील, टाळ्याही पडतील, आणि त्याचा उपयोग शून्य. जिम सोडणारी माणसं आळशी असतात असं मला कधीच वाटलं नाही. ती ठरावीक तीन जागी गळतात. अंग इतकं दुखतं की जिना उतरता येत नाही, ती पहिली जागा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजनकाटा हलत नाही, ही दुसरी. आणि घरचं लग्न, मुलांची परीक्षा किंवा गावी जाणं यात आठवडाभर खाडा पडतो, ही तिसरी. तिन्ही वेळी माणसाला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं, हे आपल्याला जमणारं नाही. खरं तर तिन्ही गोष्टी जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत होतात. त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं, एवढंच.

म्हणून माझ्या भाषणात उपदेश नसतो. पुढच्या सहा आठवड्यांत तुमच्या अंगात आणि तुमच्या वेळापत्रकात काय काय होणार आहे, ते मी आधीच सांगून ठेवतो. दहा-बारा मिनिटं पुरतात. त्याच्या आदल्या दिवशी एक काम मात्र करा. दारावर, रिसेप्शनवर किंवा स्टेटसला 'आठ आठवड्यांत कायापालट' छापाचा काही फलक असेल तर तो काढा. तो फलक भिंतीवर असताना तुम्ही धीराची भाषा केली, तर लोक भिंतीचंच ऐकतील.

सुरुवात मी पहिल्या आठवड्यापासून करतो. माझे शब्द साधारण असे असतात: "पहिल्या आठवड्यात आम्ही तुम्हाला मुद्दाम कमी काम देणार आहोत. तुम्ही घरी जाल तेव्हा वाटेल, बस, एवढंच? तसं वाटलं पाहिजे. ज्याला पहिल्या दिवशी घाम काढून, दमवून घरी पाठवलं, तो चौथ्या दिवशी येत नाही, हे आम्ही पाहिलेलं आहे."

हे बोलायचं कारण सांगतो. सवय नसलेल्या व्यायामानंतरचं दुखणं लगेच येत नाही. ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. वजन खाली नेताना स्नायू ताणला जात असतो, त्या हालचालीने ते जास्त होतं. म्हणून नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी लंजेस दिले की तो तिसऱ्या दिवशी खुर्चीतून हात टेकवून उठतो. पण याच शरीराचा एक फार उपयोगी गुण आहे. तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला तर दुखणं कितीतरी कमी होतं, कारण पहिल्या थोड्याशा कामानेही स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो. म्हणजे थोड्या कामाने सुरुवात केली तरी हे संरक्षण मिळतं, त्यासाठी आधी लंगडायची गरज नाही.

माझ्याकडे पहिल्या तीन वेळांना मिळून फक्त चार व्यायाम असतात. बेंचवर बसून उठणं, कंबरेच्या उंचीच्या बारवर हात टेकवून पुशअप, केबलवर बसून रोइंग, आणि हलके डंबेल हातात घेऊन चालणं. प्रत्येकाचे दोन सेट, दहा-दहा रेप्स, आणि थांबायचं तेव्हा अजून चार-पाच रेप्स सहज निघाले असते अशा ठिकाणी. वॉर्मअप धरून पस्तीस-चाळीस मिनिटांत माणूस मोकळा. खरा धोका इथे मेंबरचा नसतो, तुमच्या ट्रेनरचा असतो. नवीन माणसाला दमवलं की आपण चांगले ट्रेनर दिसतो, असं तरुण पोरांना वाटतं. त्यांना भाषणाच्या आधी वेगळं बसवून सांगा, आणि पहिला आठवडा स्वतः फ्लोअरवर उभे राहा.

याच ठिकाणी मी एक गंभीर गोष्ट सांगतो, आणि ती तुम्हीही गाळू नका. खूप जास्त काम एकदम केलं आणि त्यानंतर लघवीचा रंग काळपट, कोलासारखा झाला, स्नायू सुजून हात किंवा पाय वाकवता येईना, तर ते नेहमीचं दुखणं नाही. स्नायूंचा नाश होऊन त्यातले घटक रक्तात उतरलेले असू शकतात आणि त्याने किडनीला इजा होऊ शकते. अशा वेळी ट्रेनरला मेसेज टाकत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे क्वचित होतं. पण होतं ते बहुतेक वेळा नवख्यांना किंवा मोठ्या गॅपनंतर परत येऊन जुन्या वजनांवर तुटून पडणाऱ्यांना.

दुसरी जागा काट्याची. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच हातचे जातात. मी म्हणतो: "तिसऱ्या आठवड्यात तुमच्यातले बरेच जण मला येऊन सांगणार आहेत, की भाऊ, वजन तर उलट वाढून राहिलं. मी आजच उत्तर देऊन ठेवतो. ते पाणी आहे."

नवीन व्यायामाने स्नायूंमध्ये जी दुरुस्ती चालू होते तिच्यासाठी तिथे पाणी साठतं. शिवाय व्यायाम करणारा स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे भात-पोळीतून मिळणारी साखर, साठवायला लागतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. एवढ्यावर काटा किलोभर वर जाऊ शकतो. त्याच दिवसांत चरबी थोडी उतरत असली तरी ती या पाण्याखाली झाकली जाते. उलट्या बाजूनेही हेच खरं आहे. भात-पोळी एकदम बंद करणाऱ्याचं पहिल्या आठवड्यात जे दोन किलो उतरतं, त्यात बहुतांश पाणीच असतं, आणि जेवण नेहमीचं झालं की ते परत येतं. झटपट रिझल्ट म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. प्लास्टिकचा सूट घालून ट्रेडमिलवर पळणारा माणूस चरबी नाही, घाम घालवत असतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो स्वतःला उष्माघाताच्या दारात नेऊन उभा करतो.

एक केस सांगतो, म्हणजे हे आकड्यांत कसं दिसतं ते कळेल. बँकेत नोकरी करणारी चाळिशीतली एक ताई जानेवारीत आली. पहिल्या आठवड्याचं सरासरी वजन ७४.२ किलो, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर ९६ सेंटिमीटर. तिसऱ्या आठवड्यात सरासरी ७५ झाली, आणि ती मेंबरशिप दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येईल का, हे विचारायला आली. मी तिचीच वही उघडून तिच्यासमोर धरली. पहिल्या दिवशी ती बेंचवरून हात न टेकवता दहा वेळा जेमतेम उठली होती. आता ती आठ किलोचा डंबेल छातीशी धरून तेच दहा वेळा दोन सेट करत होती. घेर ९५ झाला होता. तिला म्हटलं, वजन वाढताना पोट कमी झालंय, म्हणजे जे वाढलं ते पोटावर नाही. अजून तीन आठवडे थांबा, मग ठरवा. सहाव्या आठवड्यात वजन ७४, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दीड महिन्यात काहीच नाही, पण घेर ९३.५. बाराव्या आठवड्यात ७१.८ आणि ९०. तिच्या जेवणात मोठा बदल एकच झाला होता. सकाळच्या नुसत्या चहा-पोह्यांच्या जोडीला मोड आलेले मूग किंवा दोन अंडी, आणि रात्रीच्या जेवणात एक पोळी कमी.

तिने तिसऱ्या आठवड्यातच सोडलं असतं, तर 'मी जिम करून पाहिली, माझं वजन वाढलं' हे ती आयुष्यभर खरं मानून सांगत राहिली असती. तिला थांबवलं ते माझ्या बोलण्याने नाही, वहीतल्या तिच्याच अक्षरातल्या नोंदींनी. म्हणून भाषणातच प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही द्या. त्यात तारीख, व्यायाम, किती किलो, किती रेप्स, एवढंच लिहायचं. वजन करायचंच असेल तर सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, आठवड्यात तीन-चार वेळा, आणि पाहायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसात किलो-दीड किलो इकडे-तिकडे होणं अगदी साधं आहे. रात्री सावजीचा खारट रस्सा खाल्ला की सकाळचा आकडा काहीही असू शकतो. टेप दर पंधरा दिवसांनी, श्वास सोडून, ओढून न धरता.

वहीतले किलो पहिल्या महिन्यात भराभर वाढतात. ते का वाढतात हेही प्रामाणिकपणे सांगा. तेव्हा स्नायू फारसा मोठा झालेला नसतो, मेंदू आणि नसा त्याच स्नायूला जास्त चांगलं कामाला लावायला शिकत असतात. आरशात दिसेल असा फरक पडायला बहुतेकांना आठ ते बारा आठवडे लागतात, तेही खाणं-झोप ठीक असेल तर. पण ताकद वाढलेली मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच कळते. गॅसचा सिलिंडर उचलताना, तिसऱ्या मजल्यावर चढताना. झटपट रिझल्ट हवाच असेल त्याला मी हा देतो, कारण हा खोटा नाही.

आता तिसरी जागा, खाडा. इथे 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य भाषणात अजिबात वापरू नका. बाविसाव्या दिवशी सकाळी उठणं तेवढंच जड गेलं की माणसाला आपल्यातच खोट वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लोकांना साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस असा अंदाज निघाला. व्यायामासारख्या गोष्टीला पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही.

मी भाषणात याचं भाषांतर असं करतो: "आठवड्यात तीन दिवस या. सहा दिवस येणार म्हणाल तरी आम्ही पहिले दीड महिने तीनच लिहिणार. एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही, फक्त त्याच्या पुढचा दिवस चुकवू नका. आणि कामातून उशीर झाला तर पंधरा मिनिटांसाठी या. दोन व्यायाम करा आणि जा. आम्ही कुणी तुम्हाला 'आज एवढंच?' असं विचारणार नाही."

सहा दिवसांचं वेळापत्रक नवख्याला का देऊ नये, तर त्यात नापास व्हायच्या जागा दुप्पट असतात. ताकद वाढवायला सुरुवातीला आठवड्यात दोन-तीन वेळा पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची शिफारससुद्धा स्नायूंच्या व्यायामाला आठवड्यात किमान दोन दिवस अशी आहे, सोबत १५० मिनिटं मध्यम दमाचं चालणं-फिरणं. ते अंबाझरीला किंवा आपल्या कॉलनीच्या मैदानातही होतं.

वेळ ठरवताना 'संध्याकाळी येईन' असं लिहू देऊ नका. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार, ऑफिस सुटल्यावर घरी न जाता थेट' असं लिहून घ्या. हा घरी न जाता शब्द महत्त्वाचा आहे. बर्डीवरून घरी जाऊन कूलरसमोर बसलेला माणूस परत बूट घालत नाही. कपडे-बूट गाडीच्या डिक्कीत सकाळीच ठेवायचे. सकाळी येणाऱ्या बायकांचं गणित वेगळं असतं. डबे, शाळेची व्हॅन, पाण्याची वेळ हे आटोपून त्यांना साडेदहा-अकराच सोयीचे होतात, आणि नेमक्या त्या वेळी बऱ्याच जिम बंद असतात. तुम्ही तो एक तास उघडा ठेवू शकलात तर भाषणापेक्षा जास्त काम होईल.

लग्नासाठी आठ-दहा दिवस गेलेल्या माणसाला परत येताना लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी दहाचे तीस दिवस होतात. वर सांगितलेली ताई फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेली आणि नऊ दिवस आली नाही. तिला ट्रेनरचा फोन गेला. 'का येत नाही' असं न विचारता 'बुधवारी नेहमीच्या वेळेला येताय ना, तुमचं हलकं शेड्यूल काढून ठेवलंय' एवढाच. परत आल्यावर पहिल्या दिवशी आठच्या जागी सहा किलो, एकच सेट कमी. त्याच आठवड्याच्या शेवटी ती आठवर परत आली. हे सगळ्यांना आधीच सांगा: आठवडा-दोन आठवड्यांच्या गॅपने कमावलेली ताकद फारशी जात नाही, दम थोडा लवकर कमी होतो आणि तोही परत येतो. सलग दोन वेळा न आलेल्या माणसाला फोन जाईल, हेही भाषणातच सांगून टाका. मग तो फोन त्यांना वसुलीसारखा वाटत नाही.

आता कुठे माझं म्हणणं जसंच्या तसं लागू होणार नाही, तेही बघा. पोलीस भरतीची मुलं तुमच्याकडे येत असतील तर त्यांच्यासमोर खरीच तारीख आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना 'घाई करू नका' सांगून भागणार नाही, त्यांचा वेगळा आराखडा लागतो आणि मैदान लागतं. त्यांना या भाषणाला बसवू नका. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत फिरत्या शिफ्टला जाणाऱ्यांना ठरलेली वेळ शक्यच नसते. त्यांच्यासाठी वार आणि तास न लिहिता 'शिफ्ट सुरू व्हायच्या दोन तास आधी' किंवा 'नाइट करून झोप झाल्यावर' असं लिहावं लागतं. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण, अलीकडचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टर. डायबिटीस असून इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या दिवशी डोसबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा, आणि काउंटरवर साखर-ग्लुकोज ठेवा. हात थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं बोलणं ही खूण ट्रेनरला ओळखता आली पाहिजे.

एक गोष्ट जानेवारीच्या भाषणात सांगायला विचित्र वाटेल, पण नागपुरात ती सांगितलीच पाहिजे. एप्रिलचा मध्य आला की संध्याकाळची पाचची बॅच आपोआप विरळ होते. त्याचा इच्छाशक्तीशी काही संबंध नाही, बाहेर भट्टी पेटलेली असते. म्हणून आजच जाहीर करा की त्या दिवसांत जिम सकाळी पाचला उघडेल आणि संध्याकाळची बॅच सातनंतर असेल. उकाड्याला शरीर सरावायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर सेट कमी आणि विश्रांती जास्त. वेळ बदलल्यावर वहीतलं जुनं वेळापत्रक खोडून नवं लिहायचं, नाहीतर लोक 'आता उन्हाळा संपल्यावर बघू' म्हणतात आणि मग पावसाळ्यातही दिसत नाहीत.

खाण्याबद्दल पहिल्या दिवशी मी दोनच वाक्यं बोलतो. पहिले सहा आठवडे कुणी कुठलीही पावडर, फॅट बर्नर घ्यायचा नाही, आमच्या काउंटरवरूनसुद्धा नाही. आणि कुठलाही पदार्थ कायमचा बंद करायचा नाही, तर्री-पोहेही नाहीत, फक्त रोजच्या दोन जेवणांत डाळ, दही, पनीर, अंडी, चिकन यांपैकी काहीतरी आज आहे त्यापेक्षा जास्त. बाकी सगळं सहा आठवड्यांनी, हजेरी बसल्यावर. एकाच दिवशी व्यायाम, आहार, झोप असं सगळं बदलायला लावलं की एक कडी निसटते आणि तिच्यासोबत बाकीचंही जातं.

भाषण संपवताना घोषणा नको. वह्या वाटा आणि तिथेच, तुमच्यासमोर, पहिल्या पानावर तीन ओळी लिहून घ्या: कोणते तीन दिवस, कुठून निघून किती वाजता, आणि उशीर झाला तर कोणते दोन व्यायाम करून जाणार. कुणाला वेळ ठरवता येत नसेल तर त्याच्याजवळ बसा, कारण ज्याची दुसरी ओळ कोरी राहते त्याचा फेब्रुवारीतला रकानाही बहुधा कोरा दिसतो. या पानाचा फोटो ट्रेनरच्या मोबाइलमध्ये राहू द्या. यंदा हिशेब करताना किती जणांचं किती वजन उतरलं हे पाहू नका. पहिल्या सहा आठवड्यांत ज्यांच्या बारा किंवा जास्त हजेऱ्या लागल्या त्यांची नावं वेगळी काढा आणि होळीला त्यातले किती येत आहेत ते मोजा. मग पुढच्या जानेवारीत काय बोलायचं ते तुमचं रजिस्टरच तुम्हाला सांगेल.